राहिलेले, झालेले, फसलेले

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही बाबांनी पन्नाशीत शिकलेली. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. त्यामुळे मला थोडं जास्त कळतं असा गावाचा समज आहे. तो खरा नाही. मला एवढंच कळतं की एका गोष्टीने मला वर्षभर आतून जाळलं, आणि ती गोष्ट कुणाला तोंडाने सांगायला गेलो की जीभ अडखळते. म्हणून लिहितो आहे. जमलं नसेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या सरांनी मला एका धर्मादाय दवाखान्यात कामाच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं. या दवाखान्याची माणसं गावोगाव जाऊन सिकलसेलची तपासणी करतात. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. आमच्या भागात त्याचं नाव माहीत नाही असं घर सापडणार नाही. गावात आरोग्यसेविका बोटातून रक्ताचा थेंब घेते, औषधाच्या पाण्यात टाकते. पाणी स्वच्छ राहिलं तर बरं. गढूळ झालं तर त्या माणसाला दवाखान्यात बोलवायचं, तिथे दुसरी, पक्की तपासणी होते. ही सगळी माहिती सेविका टॅबमध्ये भरतात. गावात नेटवर्क नसतं. मग तलावाच्या पाळीवर किंवा एखाद्या टेकाडावर जाऊन ती पाठवतात. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ती रांगेत येऊन थांबते. तिथे एक प्रोग्राम एकेक नोंद उचलतो, तपासतो आणि मुख्य नोंदवहीत चढवतो.

त्या कॉम्प्युटरच्या खोलीत प्रशिक्षणाला आम्ही दोघं होतो. तो सिरोंच्याकडचा, गोदावरीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी, त्यात हिंदीची भर. खोलीतल्या लोकांनी आम्हाला आमच्या गावांचीच नावं देऊन टाकली होती. तो सिरोंचा, मी कुरखेडा. प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "दोघंही चांगले आहात. पण जागा एकच आहे. पावसाळ्याआधी ठरवू."

त्या जागेसाठीच मी तिथे होतो. तोही. हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही.

तो माझ्यासारखा नव्हता. मी दार उघडताना विचारतो, आत येऊ का. तो आत येता येताच कुणाची तरी मस्करी करून मोकळा व्हायचा. मॅडमच्या स्कूटीचं चाक पंक्चर झालं की हा खाली. वरच्या मजल्यावरच्या नर्स दीदीचा फोन बंद पडला की हा वर. आणि कामात हुशार. मला एखादी चूक शोधायला दुपार लागायची. तो खुर्ची मागे झुकवून नुसता पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "हे पाह्य, इथी आहे तुही चूक." वाईट हे की तो खरंच मदत म्हणून सांगायचा. त्याने खिजवलं असतं तर मला त्याचा राग करायला सोपं गेलं असतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुना कॉम्प्युटर बदलायचं ठरलं. त्यासोबत जुना प्रोग्रामही जाणार होता. नवा लिहायचं काम मॅडमनी त्याला दिलं. मला म्हणाल्या, "तू ताळमेळ बघ."

मी विचारलं, "म्हणजे काय करायचं, मॅडम?"

"फेरीवरून आलेले सगळे टॅब जमा झालेत. त्यांच्यातलं सगळं पाठवून झालंय, आता नवीन काही येणार नाही. टॅब जेवढ्या नोंदी पाठवल्या म्हणतात, तेवढ्या आपल्याकडे सापडल्या पाहिजेत. काही रांगेत राहिलेल्या असतील, काही चढवून झालेल्या, काही नियमात न बसल्याने फसलेल्या. तिन्ही मिळून बेरीज जुळली, म्हणजे एकही हरवली नाही. मग टॅब पुसून पुढच्या फेरीला द्यायचे. तू हो म्हटल्याशिवाय एकही टॅब पुसायचा नाही."

त्या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की तो यंत्र बनवणार आणि मी मोजणार. आमच्याकडे मळणी झाल्यावर पोती मोजायला घरातलं सगळ्यात निकामी पोरगं बसवतात. मी मान डोलावली.

त्याने आठवड्याभरात प्रोग्राम लिहिला. मॅडमना दाखवताना मी मागे उभा होतो. एकाच नोंदीचं नेटवर्कमुळे दोनदा येणं त्याने नीट हाताळलं होतं. सेविकेने पाठवलं, पोचलं, पण पोचल्याचा निरोप टॅबपर्यंत परत आला नाही की टॅब तेच पुन्हा पाठवतो. नोंदीचा क्रमांक तोच असतो, म्हणून प्रोग्राम दुसरी प्रत बाजूला टाकत होता. पण तो तिथेच थांबला नाही.

"अजून एक केलं, मॅडम," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी शिबिर अस्ते. एखादा माणूस सकाळी एका सेविकेकडे रक्त देते, दुपारी दुसरीकडे. टॅब वेगळे, क्रमांक वेगळे. म्हणून नाव, घरच्या कर्त्याचं नाव, गाव आणि वय, चारही एकसारखे असले का दुसरी नोंद घ्याचीच नाई."

मॅडम हसल्या. "हे मला सुचलं नसतं."

हे मलाही सुचलं नव्हतं. त्या रात्री मेसमध्ये भात कालवून ठेवला आणि तसाच उठलो.

चढवणं सुरू झालं त्या दिवशी मी माझं मोजणं काढलं. आधी रांगेत राहिलेल्यांचा आकडा घेतला. तेवढ्यात वाटेवरच्या टपरीवरून तर्रीपोहे आले. खाऊन हात धुतले, झालेल्यांचा आकडा घेतला, मग फसलेल्यांचा. तिघांची बेरीज केली आणि टॅबांच्या आकड्याशी लावली. एकोणीस जास्त.

माझं काळीज असं उडालं की खोटं कशाला बोलू, आनंदाने उडालं. जास्त म्हणजे दुबार. म्हणजे त्याच्या प्रोग्रामने एकेक नोंद दोन-दोनदा चढवली. मी कागद घेऊन थेट मॅडमच्या टेबलापाशी गेलो. तो शेजारीच बसलेला होता हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तर गेलो.

"मॅडम, याच्या प्रोग्राममध्ये नोंदी दुबार होऊन राहिल्यात. एकोणीस."

त्याने कागद घेतला. पाहिला. "मोजलं तेव्हा प्रोग्राम चालू होता का बंद?"

"चालू होता."

"आणि राहिलेले पहिले मोजले?"

"हो."

"आणि झालेले कधी मोजले? पोहे खाल्ल्यावर?"

तो हसायला लागला. "एम् रा, काय रे कुरखेडा! जाळं ओढत असताना मासोळ्या मोजते का कोणी? तू पाण्यातल्या मोजल्या. मग पोहे खाल्ले. तेवढ्यात एकोणीस मासोळ्या टोपल्यात आल्या. मग तू टोपलं मोजलं. त्याच मासोळ्या, दोनदा."

मॅडमही हसल्या. मला म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. रांग थांबव आणि तिन्ही एकाच वेळी मोज."

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. आमच्या गावात जाळं टाकणारी घरं आहेत, मीही तलावावर वाढलो, पण हे उदाहरण त्याच्या तोंडून आलं. तेसुद्धा त्यानेच घेतलं, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी रांग थांबवली. तिन्ही आकडे एकाच वेळी घेतले. फसलेल्यांमध्ये कुणाचं वय भरायचं राहिलेलं, कुणाच्या गावाचं नाव चुकलेलं, अशा थोड्या होत्या. त्या सेविकांना कळवून दुरुस्त करायच्या. राहिलेले अगदी मोजके, बाकी झालेले. बेरीज केली. टॅबांच्या आकड्याशी लावली.

जुळली. एकाचाही फरक नाही.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. मला नाही, त्याला. मग माझी आठवण होऊन, "शाब्बास दोघांनाही."

त्याने टॅबांची टोपली पुढे ओढली. पुसायला सुरुवात करणार. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "थांबा. मला एकदा क्रमांक लावून पाहायचे आहेत."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बेरीज जुळली ना?"

"जुळली."

"मग?"

शास्त्र सांगायचं तर सांगता आलं असतं, की बेरीज जुळणं वेगळं आणि माणसं जुळणं वेगळं. एक कमी आणि एक जास्त झालं तरी बेरीज जुळतेच. पण तेव्हा माझ्या मनात शास्त्र नव्हतं. त्याच्या कामात काहीतरी निघावंच, एवढंच होतं. एवढं सुंदर काम कुणाचं असू नये असं मला वाटत होतं.

मॅडम नको म्हणणार होत्या. तोच म्हणाला, "पाहू द्या ना, मॅडम. त्याचं समाधान होईल. मी तोवर टॅब पुसत नाई."

त्याच्या चांगुलपणाने मला सवलत मिळाली. हे तर आणखीच जळजळीत होतं.

काम सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. टॅबने प्रत्येक नोंदीला दिलेला क्रमांक घ्यायचा आणि तो तीन ढिगांपैकी कुठे आहे ते बघायचं. प्रत्येक क्रमांक एका, आणि एकाच, ढिगात हवा. हे मी कॉम्प्युटरकडूनच करून घेतलं, पण आधी दोनदा चुकलो. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि परत जाऊन बसला. माझी चूक त्याला दिसली असणार. तरी बोलला नाही. कदाचित माझी सकाळची अवस्था त्याच्या लक्षात आली असेल. तेही मला आवडलं नाही.

दुपारी एक आरोग्यसेविका बाई आल्या. त्या आमच्याच तालुक्यातल्या होत्या, फसलेल्या नोंदी दुरुस्त करायला म्हणून बसने आलेल्या. कोपऱ्यात बसून चहा पीत होत्या, चपला काढून पाय खुर्चीवर घेतलेले. बसमध्ये कंडक्टरशी कसं भांडण झालं ते मॅडमना सांगत होत्या. तेवढ्यात माझ्या पडद्यावर दोन ओळी आल्या.

पहिला क्रमांक दोन ढिगांत होता. फसलेल्यातही आणि झालेल्यातही. याचं कारण लगेच कळलं. त्या नोंदीत वय राहिलं होतं, बाईंनीच टॅब जमा करण्याआधी ते भरून पुन्हा पाठवलं होतं, मग नोंद चढली, पण फसल्याची खूण काढायची राहून गेली. दुरुस्त होऊनही ती तिथे मोजली जात होती. ती एक जास्त.

दुसरा क्रमांक कुठेच नव्हता. राहिलेल्यांत नाही, झालेल्यांत नाही, फसलेल्यांत नाही. ती एक कमी.

एक जास्त आणि एक कमी. म्हणून बेरीज जुळली होती.

मी टोपलीतून तो टॅब काढला आणि ती नोंद उघडली. सात वर्षांची मुलगी. घरच्या कर्त्याच्या जागी म्हाताऱ्या आजोबांचं नाव. आमच्याकडे घर म्हणजे घरातला थोर माणूस, मग तो अंथरुणाला का खिळलेला असेना. सेविकाही बापाचं नाव विचारत नाहीत, "कोणाच्या घरची?" असं विचारतात आणि तेच लिहितात. मुख्य नोंदवहीत पाहिलं तर त्याच नावाची, त्याच घरची, त्याच गावची, सातच वर्षांची मुलगी आधीच चढलेली होती. क्रमांक वेगळा.

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्या घरातही तसंच आहे. आजी वारली त्या वर्षी मोठ्या काकाकडे मुलगी झाली, तिला आजीचं नाव ठेवलं. महिन्याभराने धाकट्या काकाकडे मुलगी झाली. तिलाही आजीच हवी. दोघी एका अंगणात खेळतात, दोघींचं नाव एक. घरात एक मोठी आणि एक बारकी.

मी जागेवरून उठलो. उठताना खुर्ची मुद्दाम जोरात सरकवली.

"मॅडम, एक नोंद हरवली आहे. याच्या चार गोष्टींच्या नियमाने खाल्ली. तो नियम चूक आहे."

तो उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे काय दिसायला हवं ते मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं.

मी सेविका बाईंना विचारलं, "बाई, या घरात एकाच नावाच्या दोन पोरी आहेत का?"

बाईंनी टॅबकडे नजर टाकली. "हाव ना, भाऊ! दोघी चुलत बहिणी, ही बारकीची नोंद. एकीले हाक मारली का दोघी धावत येते. मोठी नखरेल आहे, सुई पाहून पळाली होती, धरून आणली. बारकी गरीब बिचारी, हात पुढे करून उभी राह्यली."

"काऊन दोघींले एकच नाव?" त्याने विचारलं.

"काऊन म्हणजे? आजी मेली त्या साली दोघीही जन्मल्या. मग कोणाले आजी द्याची आणि कोणाले नाई?" बाईंनी असं विचारलं की जणू त्यानेच काही विचित्र विचारलं. "तुमच्या तिकडे नाई ठेवत का?"

"ठेवते. पण आमच्याकडे घराचं नाव पुढे अस्ते आणि बापाचं लिहिते. कर्त्याचं नाई लिहीत." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मी तयार होतो. तो म्हणाला, "बारकीचं पाणी कसं आलं होतं?"

मला माहीत नव्हतं. नोंद माझ्याच हातात होती, पडदा माझ्याकडे होता, आणि ती ओळ मी वाचलीच नव्हती. त्याने टॅब माझ्या हातातून घेतला आणि नोंद खाली सरकवली.

"गढूळ," तो म्हणाला.

नोंदवहीत चढलेल्या मोठीचं पाणी स्वच्छ होतं. म्हणजे कागदावर त्या नावाची, त्या घरची मुलगी बरी होती. टॅब पुसला असता तर बारकीला दुसऱ्या तपासणीला कुणी बोलावलंच नसतं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "हाय रे देवा," त्या म्हणाल्या, "तिचे पाय दुखते म्हणून आई सांगतच होती. मी म्हटलं, बोलावणं येईल."

"वाचवलं बे तू," तो मला म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मनापासून मारली. "मले वाचवलं आणि तिलेही."

लाज, राग, दुसरं काही, मी ज्याची वाट पाहत होतो त्यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्याने लगेच खुर्ची ओढली आणि कामाला बसला. नियमात कर्त्याच्या जागी बापाचं नाव घालून नुसतं भागणार नाही, म्हणाला, नियमाने काहीच गुपचूप टाकू नये. त्याने चौथा ढीग केला, दुबार वाटलेल्यांचा. प्रोग्रामला वाटलं की ही नोंद आधी आलेली आहे, तर ती टाकायची नाही, या ढिगात ठेवायची आणि माणसाने बघून ठरवायचं. आणि दुरुस्त झालेल्या नोंदीची फसल्याची खूण निघेल असं केलं. मग मला म्हणाला, "आता तुही बेरीज चौघांची. राहिलेले, झालेले, फसलेले, दुबार. आणि क्रमांक लावणं रोज, शेवटी. बेरजेवर भरवसा नाई."

हे सगळं त्याने चहा थंड व्हायच्या आत केलं. मॅडम त्याच्या मागे उभ्या होत्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "चूक कळल्यावर कसं करायचं ते याच्याकडून शिक."

चूक मी शोधली होती. कसं करायचं ते मी त्याच्याकडून शिकायचं होतं. मी मान डोलावली. मला डोलवताच येते.

टॅबवरून ती नोंद पुन्हा पाठवली, रांग चालू करून थांबवली. बारकी दुबारच्या ढिगात आली. बाईंनी स्वतः बघून सांगितलं, "ही वेगळी," आणि मग ती चढली. चौघांची बेरीज जुळली, क्रमांकही जुळले. मॅडमनी मला विचारलं, "आता हो म्हणतोस ना?" मी हो म्हटलं. त्याने टॅब पुसायला घेतले, एकेक, शीळ घालत. बाई त्या मुलीच्या गावाला जाणाऱ्या शेवटच्या बससाठी धावल्या. जाताना दारातून मला म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, तू पाह्यलं." मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बाईंना मुलीला आणायचं होतं, माझ्या मनाचं त्यांना काय करायचं.

त्यानंतर प्रशिक्षणाचे थोडे दिवस राहिले होते. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी चौघांची बेरीज घ्यायचो आणि क्रमांक लावायचो. रोज जुळायचं. रोज मला वाटायचं, आज निघावं काहीतरी. तो जाताना विचारायचा, "काय म्हणते तुही मासोळी?" मी म्हणायचो, "जुळली." हे सांगताना माझा आवाज कसा निघायचा ते त्याला कळलं असेल की नाही, माहीत नाही. मला वाटतं कळलं असणार. तो हुशार आहे.

निघायच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, जागेचं कमिटी ठरवेल, कळवू. आम्ही दोघं एसटी स्टँडवर सोबत गेलो. त्याची बस आधी लागली. खिडकीतून तो म्हणाला, "जे होईल ते होईल. फोन करत जा." मी हो म्हटलं. बस सुटली तेव्हा मनात हिशेब सुरू झाला. प्रोग्राम त्याचा, चूक मी पकडली. दुरुस्ती त्याची. नियम चुकीचा त्याचा, पण चौथा ढीग त्याचाच. कसाही मांडला तरी माझ्या बाजूला कमीच पडायचं, आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून मांडायचो.

घरी आलो तेव्हा पाऊस लागला होता. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, तयार होते, रोवणी सुरू होणार होती. बाबांनी शेताच्या बांधीत चिखल केला होता. आई शेजारच्या बायकांना सांगायची, पोरगं दवाखान्यात कॉम्प्युटरवर होतं, आता तिथेच लागणार. मी चिखलात उभा राहून ऐकायचो आणि खाली बघत पऱ्हे रोवायचो. आमच्या गावात नेटवर्क येत नाही. तलावाच्या पाळीवर चिंचेखाली उभं राहिलं तर येतं, तेही आभाळ मोकळं असलं तर. त्या वर्षी आभाळ मोकळं व्हायलाच तयार नव्हतं.

एक दिवस दुपारी उघडलं. बाकीचे जेवायला बांधावर बसले. मी फोन घेऊन पाळीवर गेलो. पाय चिखलाने भरलेले, फोन बनियनला पुसला. बराच वेळ काही नाही. मग एकदम थरथरला. एकामागून एक निरोप, कित्येक दिवसांचे, वाटेत अडकून राहिलेले.

पहिला सेविका बाईंचा होता. बारकी दवाखान्यात आली, पक्की तपासणी झाली, सिकलसेलच निघाला, औषध सुरू केलं. आणि मोठीही हट्टाने सोबत आली होती, तिचीही केली, ती बरी आहे. मी तो निरोप दोनदा वाचला. तळ्यात कुणीतरी जाळं फेकत होतं, त्याचा आवाज आला. खूप दिवसांनी मला काहीतरी बरं वाटलं, आणि ते माझं एकट्याचं होतं असंही वाटलं.

त्याखाली त्याचा निरोप होता. तोच निरोप दोनदा आलेला, त्याच्याकडे पोचल्याची खूण गेली नसेल म्हणून त्याने पुन्हा पाठवला असावा. तारीख आठवड्याआधीची होती.

"जागेचं झालं. मले घेतलं. तुले सांगाची हिंमत होत नव्हती."